चुकीचं बिल, चुकीचा पत्ता: माफीचा मेल कुणाला आणि कसा लिहायचा?

*मी घरून अहवालांची मांडणी आणि आलेख करून देते. गेल्या आठवड्यात एका कंपनीला 0117 नंबरचं बिल पाठवलं. बेरीज 64,800 व्हायला हवी होती, मी 68,400 टाकली. लक्षात आल्यावर घाईघाईने रक्कम दुरुस्त केली, नंबर तोच ठेवला, आणि दुरुस्त बिल पाठवलं ते भलत्याच क्लायंटला! दोन्ही कंपन्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात. या दुसऱ्या कंपनीला मी पानामागे 750 लावते, पहिलीला 600. आता तो दर त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. दोन दिवस झाले, कुणाचंच उत्तर नाही. दुसऱ्या कंपनीबाबत गप्पच बसावं असं वाटतंय, कदाचित त्यांनी मेल उघडलाही नसेल. पहिल्या कंपनीसाठी माफीचा मोठा मेल पाच वेळा लिहून खोडला. भरपाई म्हणून पाच टक्के सूट द्यावी का? नेमकं लिहू तरी काय?*

तुम्ही पाच वेळा मेल लिहून खोडलात, यावरून तुमची तगमग कळते. पण त्या पाचही मसुद्यांत तुम्ही बहुधा स्वतःबद्दल लिहीत होता: किती वाईट वाटतंय, असं पूर्वी कधी झालं नाही, यापुढे होणार नाही. मी बरीच वर्षं पलीकडच्या बाजूला होते. आलेली बिलं तपासायची, मंजुरीला पाठवायची आणि पेमेंटला लावायची, हे माझं काम होतं. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तुमचा मेल उघडल्यावर एकच गोष्ट हवी असते. हातातल्या कागदाचं काय करू, हे त्याला सांगा. कोणतं बिल फाडायचं, कोणतं धरायचं, किती पैसे द्यायचे. माफी जरूर मागा, पण एका वाक्यात आणि मनापासून. बाकीचा मेल म्हणजे कामाची सूचना आहे, असं समजून लिहा.

आणि एकाच मेलने हे मिटणार नाही. पहिल्या कंपनीच्या अकाउंट्सच्या हातात चुकीची रक्कम आहे. दुसऱ्या कंपनीच्या हातात दुसऱ्याचं बिल आहे. पहिल्या कंपनीत ज्यांच्याशी तुम्ही काम करता, त्यांची माहिती बाहेर गेली आहे आणि त्यांना ते ठाऊक नाही. तिघांचे प्रश्न वेगळे आहेत, म्हणून मेलही तीन.

सुरुवात दुसऱ्या कंपनीपासून करा आणि आजच करा. त्यांनी मेल उघडला नसेल ही आशा मी समजू शकते, पण तिच्यावर काही ठरवू नका. कंपनीत बिलांसाठी ठेवलेला पत्ता बहुतेक वेळा एकट्या माणसाचा नसतो. तिथे मेलसोबत आलेली फाइल कुणीतरी उतरवून घेतं, कधी ती आपोआपच बिलांच्या यादीत जाऊन बसते. उत्तर आलं नाही याचा अर्थ कुणी पाहिलं नाही असा होत नाही. तुमचं बिल रांगेत लागलं आहे, इतकाही त्याचा अर्थ असू शकतो. तुम्ही त्यांच्याकडे नोंदलेल्या पुरवठादार आहात, तुमचं बँक खातं त्यांच्याकडे आहे. वरच्या नावाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, तर दुसऱ्याच्या कामाचे पैसे तुमच्या खात्यात येतील आणि मग ते परत करण्याचं एक वेगळंच प्रकरण सुरू होईल.

मेल मागे घेण्याच्या सोयीचा विचार तुमच्या मनात आला असेल, तर तोही सोडून द्या. जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात. आउटलुकमधली मेल परत बोलावण्याची सोय एकाच संस्थेच्या आत चालते, बाहेरच्या पत्त्यावर गेलेला मेल तिने परत येत नाही. उलट असा प्रयत्न केला तर कधी कधी समोरच्याला ‘अमुक व्यक्ती हा मेल परत घेऊ इच्छिते’ असा निरोप मात्र जातो, आणि ज्याने तो मेल पाहिला नव्हता तोही मग मुद्दाम उघडून बघतो.

दुसऱ्या कंपनीला मी असं लिहीन:

> विषय: मंगळवारी चुकून आलेलं इन्व्हॉइस 0117: कृपया नोंदवू नये
>
> नमस्कार,
>
> मंगळवारी सायंकाळी 6.40 वाजता माझ्याकडून तुम्हाला इन्व्हॉइस 0117 पाठवलं गेलं. ते तुमच्या कामाचं नाही, माझ्या चुकीमुळे तुमच्या पत्त्यावर आलं. ते नोंदवू नये आणि त्यावर पेमेंट करू नये, ही विनंती.
>
> तो मेल आणि उतरवून घेतलेली फाइल कृपया काढून टाकावी. ती आपल्याकडे आणखी कुणाला पाठवली गेली असेल तर त्यांनाही कळवावं. काढून टाकल्यावर मला एका ओळीत सांगितलंत तर बरं होईल.
>
> तुमचं स्वतःचं इन्व्हॉइस 0115 आहे तसंच आहे, त्यात काही बदल नाही.
>
> ही चूक माझी आहे. हे त्याच दिवशी कळवायला हवं होतं, तेही राहिलं. दोन्हींबद्दल मनापासून क्षमस्व.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. मेल कधी आला त्याचा वार आणि वेळ दिली आहे, कारण शोधणाऱ्याला तो चटकन सापडायला हवा. पहिल्या कंपनीचं नाव कुठेही नाही. त्यांनी ते बिलावर वाचलं असेलही, पण तुमच्या हातून ते दुसऱ्यांदा लिहिलं जाऊ नये. चुकलेलं बिल पुन्हा जोडलेलं नाही. ‘हेच ते बिल’ म्हणून ते परत जोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने गळती दुप्पट होते, दुसरं काही नाही. त्यांच्या स्वतःच्या बिलाबद्दलची ओळ फार उपयोगाची आहे. तुमच्याकडून ‘पेमेंट करू नये’ असा मेल आला की अकाउंट्समधला माणूस कधी कधी तुमच्या नावावरची सगळीच पेमेंट थांबवून ठेवतो. त्यांचं एखादं बिल खरंच बाकी असेल, तर त्याचा नंबर देऊन ते चालू असल्याचं सांगा. बाकी नसेल तर ‘सध्या तुमच्याकडे माझं कोणतंही बिल बाकी नाही’ असं लिहा.

उशिराचं कारण शोधत बसू नका. ‘आत्ताच लक्षात आलं’ असं लिहावंसं वाटेल, पण ते खरं नाही, आणि पुढे कधी तारखा जुळवायची वेळ आली तर तेच वाक्य तुम्हाला अडचणीत आणेल.

आता पहिली कंपनी. इथे तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, तिच्यापाशी थोडं थांबू या. तुम्ही रक्कम दुरुस्त केलीत आणि नंबर तोच ठेवलात. बहुतेक जण हेच करतात, कारण ‘बिल तर तेच आहे, आकडा फक्त सुधारला’ असं आपल्याला वाटतं. अकाउंट्सच्या प्रणालीला तसं वाटत नाही. तिथे एकच बिल दोनदा नोंदलं जाऊ नये म्हणून पुरवठादार, बिलाचा नंबर, तारीख आणि रक्कम ताडून पाहतात. त्याच नंबरचं दुसरं बिल आलं की दोन गोष्टी होऊ शकतात. प्रणाली ते ‘आधीच आलं आहे’ म्हणून नाकारते आणि 68,400 चं जुनंच बिल पुढे सरकतं. किंवा रक्कम वेगळी दिसल्याने ते नवं समजलं जातं आणि दोन्ही रांगेत लागतात. तुमच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट झाली आहे. 0117 नंबरचे दोन वेगळे कागद दोन वेगळ्या कंपन्यांत पोचले आहेत. तोच नंबर तिसऱ्यांदा वापरलात तर सहा महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाही सांगता येणार नाही की खरं 0117 कोणतं.

म्हणून 0117 सरळ रद्द करा आणि 0118 काढा. रद्द करायचं म्हणजे फाइल पुसायची नव्हे. 0117 च्या पूर्ण रकमेची, म्हणजे 68,400 ची, क्रेडिट नोट काढायची. तिच्यावर तिचा स्वतःचा नंबर आणि तारीख असते, ती कोणत्या बिलापोटी आहे ते लिहिलेलं असतं आणि एका ओळीत कारण असतं: ‘एकूण रकमेत चूक, त्याऐवजी इन्व्हॉइस 0118’. त्यांच्या वहीत 0117 ने 68,400 चढले असतील तर क्रेडिट नोटने ते उतरतात, आणि 0118 ने 64,800 नव्याने चढतात. कुणी मागून तपासायला बसलं तर तीन कागदांत पूर्ण गोष्ट वाचता येते. अनेक देशांत बिलांचे नंबर ओळीने असावे लागतात आणि मधला एखादा गायब असेल तर त्याचा जाब द्यावा लागतो, म्हणूनही 0117 तुमच्या नोंदीत ‘रद्द’ असा शेरा मारून राहू द्या. बिलावर कर लावत असाल तर चुकीच्या रकमेवरचा करही चुकलेला असतो. तो कसा आणि किती दिवसांत सुधारायचा याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तेवढं तुमच्या कर सल्लागाराला विचारून घ्या.

फक्त जादा लागलेल्या 3,600 ची क्रेडिट नोट काढून 0117 तसंच ठेवायचं, हाही एक मार्ग आहे. जुनं बिल नोंदून मंजूर झालं असेल किंवा पैसेही आले असतील, तर तोच सोयीचा पडतो. म्हणून मेल पाठवण्याआधी त्यांच्या अकाउंट्सला एक फोन करा आणि इतकंच विचारा: ‘0117 नोंदलं गेलंय का? पूर्ण रद्द करून नवं पाठवू की फरकाची क्रेडिट नोट पाठवू?’ दोन मिनिटांच्या या फोनने पुढचे चार मेल वाचतात. त्यांनी काहीच पसंती सांगितली नाही, तर पूर्ण रद्द आणि नवं बिल.

फोन करण्याला आणखी एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘आधीचं बिल चुकलं, सोबतचं सुधारित बिल धरा’ हा मजकूर फसवणूक करणारेही वापरतात. ते पुरवठादाराचा मेल हॅक करतात किंवा मिळताजुळता पत्ता तयार करतात आणि सुधारित बिलात बँक खातं बदलून पाठवतात. त्यामुळे चांगल्या अकाउंट्स विभागात असा मेल आला की कान टवकारले जातात, आणि तसे टवकारलेच पाहिजेत. तुमच्या नेहमीच्या नंबरवरून आधी फोन गेला असेल तर ती शंका उरत नाही. मेलमध्येही ‘बँक खात्याचे तपशील बदललेले नाहीत’ असं स्पष्ट लिहा. आणि खरोखरच नवं खातं द्यायचं असलं, तरी या बिलासोबत देऊ नका. ते काम वेगळ्या दिवशी, वेगळ्या मेलने करा.

आता तो मेल:

> विषय: इन्व्हॉइस 0117 रद्द, त्याऐवजी इन्व्हॉइस 0118, रक्कम 64,800
>
> नमस्कार,
>
> इन्व्हॉइस 0117 मध्ये मी एकूण रक्कम चुकीची लिहिली: 68,400. बरोबर रक्कम 64,800 आहे. चुकीबद्दल आणि तुमचं काम वाढवल्याबद्दल क्षमस्व.
>
> कृपया 0117 वर पेमेंट करू नये. ते रद्द करणारी क्रेडिट नोट आणि नवं इन्व्हॉइस 0118 सोबत जोडलं आहे.
>
> 0118 चा हिशोब: मांडणी 80 पानं, दर 600, एकूण 48,000. आलेख 12, दर 1,400, एकूण 16,800. बेरीज 64,800. कामाचा तपशील आणि दर पूर्वीसारखेच आहेत. चूक फक्त बेरजेत होती. बँक खात्याचे तपशील बदललेले नाहीत.
>
> 0117 वर पेमेंट आधीच झालं असेल तर कृपया कळवावं. जादा आलेले 3,600 परत पाठवायचे की पुढच्या इन्व्हॉइसमध्ये वळते करायचे, ते तुम्ही सांगाल तसं करेन.
>
> 0118 मिळाल्याचं कळवलंत तर आभारी राहीन.

विषयाची ओळ मी मेलच्या आधी लिहिते, कारण कित्येकदा तेवढीच वाचली जाते. तिच्यात दोन्ही नंबर आणि बरोबर रक्कम असली की मेल न उघडताही निम्मं काम होतं. ‘महत्त्वाचं’, ‘तातडीचं’, ‘क्षमस्व’ अशा विषयांनी काहीच कळत नाही. उलट दोन आठवड्यांनी कुणी 0117 असा शोध घेतला की हाच मेल पुढे यायला हवा. फाइलच्या नावातही तेच करा: `Invoice_0118_replaces_0117.pdf`. नुसतं `final` किंवा `corrected` असं नाव दिलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर गेली की ती कशाची दुरुस्ती आहे हे कळायला मार्ग उरत नाही.

मेलमध्ये हिशोब उलगडून दाखवलाय तो उगाच नाही. नुसतं ‘ही रक्कम चूक, ही बरोबर’ असं सांगितलं तर वाचणाऱ्याने दुसऱ्या आकड्यावर तरी का विश्वास ठेवावा? दोन ओळींची बेरीज त्याला स्वतः करून बघता आली की प्रश्न मिटतो. त्यांनी कामाआधी खरेदी आदेश दिला असेल, तर तिथेही 64,800 च असणार आणि नवं बिल त्याच्याशी जुळेल.

हा मेल पाठवताना चुकलेल्या बिलाच्याच धाग्यात ‘सगळ्यांना उत्तर’ देऊन पाठवा, विषय मात्र बदला. ज्या ज्या माणसाकडे 0117 गेलं, त्या प्रत्येकाकडे दुरुस्ती गेली पाहिजे. नाहीतर तिथे तुमचं काम बघणारी व्यक्ती जुनंच बिल मंजूर करेल आणि अकाउंट्सकडे दोन वेगवेगळे कागद येतील. उत्तर देताना आधी जोडलेली फाइल सहसा सोबत जात नाही, हेही आपल्या सोयीचंच. पण एका मोहापासून सावध राहा. दुरुस्त बिल तुमच्या ‘पाठवलेले’ या फोल्डरमध्ये तयार पडलं आहे, दुसऱ्या कंपनीला गेलेलं. ते उचलून पहिल्या कंपनीला फॉरवर्ड करणं सोपं वाटेल. फॉरवर्ड केलेल्या मेलच्या डोक्यावर आधीचा पत्ता, तारीख आणि वेळ छापलेली असते. म्हणजे त्यांचं बिल कुणाकडे गेलं होतं हे तुम्ही नावानिशी सांगून बसाल. त्या मेलला हातच लावू नका.

पाच टक्के सूट देऊ नका. मन मोठं करून तुम्ही ती द्याल, पण त्यांच्या टेबलावर तिसरी रक्कम येईल: 61,560. ती खरेदी आदेशाशीही जुळणार नाही आणि ठरलेल्या दराशीही, आणि मग सूट का, कुणी मंजूर केली, हे विचारायला पुन्हा मेल सुरू होतील. जादा लागलेले 3,600 तुम्ही काढून टाकलेच आहेत. त्यांचं नुकसान झालेलं नाही, दहा मिनिटं गेली आहेत. त्याची भरपाई स्वच्छ कागदांनी होते. पेमेंटची मुदत मात्र 0118 च्या तारखेपासून मोजली जाईल हे मान्य करा. नव्या बिलावर जुनी तारीख घालू नका. चूक आपली असताना मुदतीसाठी घासाघीस करणं मला पटत नाही. पैशांची फारच नड असेल तर फोनवर एकदा विनंती करायला हरकत नाही, पण हक्क म्हणून नव्हे.

(रक्कम जादा न लागता कमी लागली असती, तर क्रमच बदलला असता. आधी फोन, समोरच्याची संमती, आणि मग फरकाचं पूरक बिल. पैसे मिळून महिने उलटल्यावर अचानक वाढीव बिल पाठवलं तर ते बहुतेक अडतं, कारण त्या कामाचा हिशोब त्यांच्याकडे बंद झालेला असतो.)

तिसरा मेल सगळ्यांत अवघड, कारण तो न लिहिण्याची मुभा तुम्हाला आहे असं वाटतं. पहिल्या कंपनीला कळणार कुठून? पण त्या बिलावर त्यांचं नाव होतं, अहवालाचं नाव होतं, पानांची संख्या होती, त्यांनी मोजलेला दर होता. अहवाल अजून प्रसिद्ध झाला नसेल, तर त्याचं नुसतं नावसुद्धा त्यांच्या लेखी गोपनीय असू शकतं. कामाच्या करारात गोपनीयतेचं कलम असेल तर ते आधी काढून वाचा. किती वेळात आणि कुणाला कळवायचं हे तिथे लिहिलेलं असू शकतं, आणि मग हा प्रश्न सल्ल्याचा राहतच नाही. कलम नसलं तरी कळवावं असं माझं मत आहे. ही माहिती तिसऱ्याच तोंडून त्यांच्यापर्यंत गेली, तर बेरजेची चूक कुणी लक्षातही ठेवणार नाही, लपवलेली गोष्ट ठेवतील.

हे अकाउंट्सच्या धाग्यात लिहू नका. ज्यांच्याशी तुम्ही काम करता, त्यांना वेगळा मेल करा, आणि दुसऱ्या कंपनीकडून ‘काढून टाकलं’ असं उत्तर येण्याची फार वाट पाहू नका. एक दिवस पुरे.

> विषय: तुमच्या इन्व्हॉइसची प्रत चुकून बाहेर गेली
>
> नमस्कार,
>
> तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. मंगळवारी तुमच्या इन्व्हॉइसची सुधारित प्रत माझ्या चुकीने माझ्या दुसऱ्या एका क्लायंटच्या पत्त्यावर गेली. तिच्यावर तुमच्या कंपनीचं नाव आणि पत्ता, अहवालाचं नाव, कामाचा तपशील आणि रक्कम होती. अहवालाचा मजकूर किंवा त्याच्या फाइल्स गेलेल्या नाहीत.
>
> ती प्रत काढून टाकण्याची लेखी विनंती मी काल केली आहे; उत्तर आलं की तुम्हाला कळवेन. तुमच्या बाजूने आणखी काही करायला हवं असेल तर सांगावं. ही माझी चूक आहे आणि तिच्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते.

काय गेलं हे मोजून लिहा, आणि काय गेलं नाही हेही. ‘काही माहिती’ असं मोघम लिहिलं की वाचणारा सगळ्यात वाईट तेच धरून चालतो. दुसऱ्या कंपनीचं नाव इथेही नाही. त्यांनी विचारलंच तर ‘तेही माझे क्लायंट आहेत, त्यांचं नाव त्यांच्या परवानगीशिवाय सांगणं योग्य नाही’ असं सांगा. तुम्ही एकाचं नाव जपता हे पाहून दुसऱ्याला तुमच्याबद्दल खात्रीच वाटते. कराराप्रमाणे नाव सांगणं भाग असेल, तर आधी दुसऱ्या कंपनीला तसं कळवा.

राहता राहिला तो दर, 600 आणि 750. तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त भीती याचीच आहे, असं मला वाचताना वाटलं. गप्प बसायची इच्छाही बहुधा तिथूनच आली. माफीच्या मेलमध्ये याबद्दल एक अक्षरही लिहू नका. त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंत, तर जो आकडा कदाचित कुणी पाहिलाच नव्हता तो तुम्हीच दाखवाल. पण विचारलं तर काय सांगायचं हे आजच ठरवून ठेवा. दोन कामांत खरा फरक काय आहे? एकीकडे एकरंगी मजकूर असेल, दुसरीकडे प्रत्येक पानावर तक्ते असतील. एकीकडे एकदाच दुरुस्ती, दुसरीकडे तीन फेऱ्या. एकीकडे वर्षभर ठरलेलं काम, दुसरीकडे अधूनमधून येणारं आणि दोन दिवसांत हवं असणारं. जो फरक खरा असेल तो एका वाक्यात सांगा: ‘तुमच्या कामात दुरुस्तीच्या तीन फेऱ्या धरलेल्या असतात, म्हणून दर वेगळा आहे. दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल मला बोलता येणार नाही.’ आणि शोधूनही फरक सापडला नाही, दर वेगळा आहे तो केवळ तुम्ही एकीकडे कमी मागितलात म्हणून, तर ती अडचण या मेलने निर्माण झालेली नाही. पुढच्या कामाआधी पहिल्या कंपनीचा दर वाढवण्याचं बोलणं तुम्हाला कधीतरी करायचंच होतं.

पुढच्या बिलांसाठी दोनच सवयी सांगते. मेल लिहिताना पत्ता शेवटी भरा, आणि भरण्याआधी जोडलेली फाइल मसुद्यातूनच उघडून तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचा. फोल्डरमधली फाइल बघून भागत नाही, जोडलेलीच उघडायची. पहिलं अक्षर टाकल्यावर मेल आपोआप पत्ता सुचवतो आणि एकाच अक्षराने सुरू होणारी नावं तिथेच दगा देतात. म्हणून बिलं जिथे जातात ते दोन पत्ते तुमच्या संपर्कयादीत वेगळ्या अक्षरांनी सुरू होतील अशा नावांनी साठवून ठेवा.

दुसरी सवय आकड्याची. बिलातली बेरीज हाताने टाइप करू नका, ती सूत्राने येऊ द्या. आणि कुठेही दोन आकडे जुळले नाहीत तर फरकाला 9 ने भागून बघा. 68,400 आणि 64,800 मधला फरक 3,600, म्हणजे 9 गुणिले 400. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरकाला नेहमी 9 ने भाग जातो. तुमच्या बिलात 4 आणि 8 ची अदलाबदल झाली होती. हिशोबनीस ही युक्ती चूक शोधायला वापरतात. भाग गेला म्हणजे अंक उलटलेच असं मात्र नाही, दुसऱ्या चुकीतही तसा भाग जाऊ शकतो. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं, आणि भाग गेला नाही तर निदान शेजारचे दोन अंक उलटलेले नाहीत एवढं नक्की होतं.

आज संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचा मेल पाठवा. उद्या सकाळी अकाउंट्सला फोन, त्यानंतर 0118, आणि त्याच दिवशी तिसरा मेल. दुसऱ्या कंपनीचं दोन दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुन्हा मेल न करता फोन करा आणि 0117 त्यांच्याकडे नोंदलं गेलंय का, एवढंच विचारा.